एकतीस आणि एकोणीस: पत्रकावरच्या कोडांनी नेमकं काय सांगितलं?

प्रश्न: कर्वेनगरला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. डबा ८० रुपयांना. गणपतीनंतर पेपरमधून चार हजार पत्रकं टाकली. कर्वेनगरातल्या दोन हजारांवर ‘५ डबे घ्या, ६ वा मोफत’ आणि कोड ‘फ्री६’. पुढच्या आठवड्यात वारज्यातल्या दोन हजारांवर ‘६ डब्यांवर ८० रुपये वाचवा’ आणि कोड ‘बचत८०’. पहिल्यात रोजचे पैसे रोज द्यायचे आणि सहावा डबा फुकट, दुसऱ्यात आधी ४०० रुपये भरून सहा डब्यांचं कार्ड. तीन आठवड्यांत फ्री६ वाले ३१ आले, बचत८० वाले १९. आमचे हे म्हणतात, निकाल लागला, आता ‘मोफत’वालीच दहा हजार छापू. छापू का?

उत्तर: ताई, दहा हजार जरूर छापा, पण पाच हजार एका मजकुराची आणि पाच हजार दुसऱ्याची. ‘मोफत’ हा शब्द जिंकला असं तुमच्या वहीतून अजून निघत नाही. कदाचित तो जिंकेलही. पण आत्ताच्या ३१ मध्ये शब्दाचा वाटा किती, जागेचा किती आणि पैसे भरण्याच्या पद्धतीचा किती, हे आता वेगळं काढता येणार नाही.

जागेचं आधी बघू. तुमचं दुकान कर्वेनगरात. तिथल्या माणसाला डबा घ्यायला चालत येता येतं, वारज्याच्या माणसाला गाडी काढावी लागते. शिवाय कर्वेनगरात कॉलेजं आहेत, खोली घेऊन राहणारी मुलंमुली आहेत आणि डब्याची खरी गरज त्यांनाच. दोन्हीकडच्या पत्रकांवर अगदी एकच मजकूर असता, तरी कर्वेनगरातून जास्त माणसं आली असती, असं मानायला भरपूर जागा आहे. त्यात आठवडाही वेगळा. गणपती संपल्यावर लगेच गोडाधोडाचा कंटाळा आलेला असतो आणि साधी पोळी-भाजी आवडते. पुढच्या आठवड्यात तसं असेलच असं नाही. कोड दोन केलेत हे उत्तम केलंत, पण दोन कोड दोन वेगळ्या भागांत गेले, म्हणून कोडाने भाग मोजला.

दुसरी गोष्ट माझ्या मते याहून मोठी आहे. तुम्हाला वाटतंय की सवलत एकच आणि शब्द दोन. हिशेबाने ते खरं आहे: दोन्हींत सहा डब्यांचे ४८० ऐवजी ४०० रुपये होतात. पण गिऱ्हाइकाच्या खिशाच्या बाजूने बघा. एकाला आज ८० रुपये काढायचेत, नाही आवडलं तर उद्या यायचं नाही, विषय संपला. दुसऱ्याला अजून चव न बघितलेल्या भाजीसाठी ४०० रुपये आधी मोजायचेत. या दोन वेगळ्या योजना आहेत, त्यामुळे ‘मोफत’ आणि ‘वाचवा’ या शब्दांची तुलना झालेलीच नाही. उलट, ४०० रुपये आधी भरायला सांगूनही, लांबच्या वारज्यातून १९ जण आले, हे मला जास्त लक्षात राहिलं. ‘वाचवा’वालं पत्रक इतक्यात टाकून देऊ नका.

तेव्हा पहिलं काम म्हणजे दोन्ही पत्रकांची योजना अक्षरशः एक करणं. माझं मत कार्डाच्या बाजूने आहे, कारण कार्ड हातात असलं की मोजणी सोपी होते: ४०० रुपये, सहा डबे, ३० दिवसांत संपवायचे. एका पत्रकावर मोठ्या अक्षरात ‘५ डबे घ्या, ६ वा मोफत’, दुसऱ्यावर तितक्याच मोठ्या अक्षरात ‘६ डब्यांवर ८० रुपये वाचवा’, आणि त्याखाली दोन्हींवर तेच वाक्य: ‘४०० रुपयांत सहा डब्यांचं कार्ड, मुदत ३० दिवस.’ फोटो तोच, रंग तोच, फोन नंबर त्याच जागी. एका पत्रकावर पुरणपोळीचा फोटो आणि दुसऱ्यावर मेथीची भाजी असं झालं, की पुन्हा पहिल्यासारखंच होईल. योजना एक ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. शेजारच्या दोन घरांत दोन वेगळी पत्रकं पडली आणि बायका बोलल्या, तरी कोणालाच फसल्यासारखं वाटणार नाही, कारण दोघींना ४०० रुपयांतच सहा डबे मिळतात. एकीला १५ टक्के आणि दुसरीला २० टक्के दिले असते, तर तुमच्या दारात भांडण आलं असतं.

आता छपाई. छापखान्यात सांगा की दोन्ही मजकूर एकाच प्लेटवर शेजारी शेजारी लावा आणि छापून झाल्यावर मधोमध कटिंग करा. म्हणजे कागद, शाई, छपाईचा दिवस सगळं एक राहतं, दोन्ही गठ्ठे सारख्या संख्येचे निघतात आणि प्लेटचा खर्चही दुप्पट होत नाही. कटिंग झालं की गठ्ठे घरी आणा, पेपरवाल्याकडे थेट जाऊ देऊ नका. दोघं जण जमिनीवर समोरासमोर बसा, एकाने आपल्या गठ्ठ्यातलं एक ठेवायचं, दुसऱ्याने त्यावर आपलं एक. मोगरा, चाफा, मोगरा, चाफा. (ही नावं कुठून आली ते पुढे सांगतो.) दहा हजार पत्रकांना दोन-तीन संध्याकाळी जातील, पण सगळ्या खटाटोपात याच कामाचं मोल सर्वांत जास्त आहे. पेपरवाल्याच्या पोराने मग वारज्याची लाइन आधी केली काय किंवा कर्वेनगरची, पावसाने एक गठ्ठा भिजला काय किंवा शे-दोनशे पत्रकं न टाकताच रद्दीत गेली काय, नुकसान दोन्ही मजकुरांचं सारखंच होतं. प्रत्येक इमारतीत दोन्ही पोचतात, एकाच सकाळी.

ही युक्ती फार जुनी आहे. अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्ससारखे जाहिरातलेखक शंभर वर्षांपूर्वी वर्तमानपत्रातल्या कूपनवर खुणेचा आकडा छापत, आणि कापून आलेली कूपनं मोजून कुठला मथळा चालला ते ठरवत. पुढे काही वर्तमानपत्रं एकाच दिवशीच्या अंकात जाहिरातीची दोन रूपं एकाआड एक प्रतींत छापून देऊ लागली. तुम्ही जमिनीवर बसून करणार तेच ते.

कोडांबद्दल. ‘फ्री६’ आणि ‘बचत८०’ बदला. हे कोड स्वतःच जाहिरात करतात. फोनवर माणूस म्हणतो, “ते फ्रीवालं पत्रक आलंय आमच्याकडे,” आणि सहा डब्यांत एक फुकट हे त्याने ‘वाचवा’वाल्या पत्रकातूनही ताडलेलं असू शकतं. तुम्ही मात्र फ्री६ खाली रेघ मारता. कोडाला अर्थ नको, फायद्याचा वास नको आणि तो फोनवर एकदा ऐकून कळायला हवा. इंग्रजी अक्षरं-आकडे घेतले की बी आणि डी, शून्य आणि ओ यांचे घोळ होतात. तुमच्या गिऱ्हाइकांसाठी सरळ फुलांची नावं घ्या: ‘मोफत’वाल्यावर ‘मोगरा’, ‘वाचवा’वाल्यावर ‘चाफा’. आजीबाईंनाही सांगता येतील आणि एकाचं दुसरं ऐकू येणार नाही. कोड मथळ्यात नको. खाली किमतीशेजारी तुटक रेघेची चौकट करा आणि लिहा: ‘कार्ड घेताना ही चिठ्ठी द्या किंवा मोगरा म्हणा.’

यापुढे सगळं काउंटरवर ठरतं. वीसेक वर्षांपूर्वी एका मिठाईवाल्यासाठी मी हेच केलं होतं. पत्रकं चोख मिसळली, कोड चांगले दिले. महिन्याने वही पाहिली तर एका कोडाखाली रेघाच रेघा आणि दुसरा जवळजवळ रिकामा. मी खूश. मग एक दुपार काउंटरशेजारी स्टुलावर बसलो. गिऱ्हाईक म्हणालं, “पत्रक घरी राहिलं हो.” गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, “असू दे,” आणि सूट देऊन वहीत जो कोड वर लिहिला होता त्याखाली रेघ मारली. दिवसभर तो तेच करत होता. त्यात त्याची काही चूक नव्हती. सूट द्यायला सांगितली होती, आणि चिठ्ठी नसेल तर काय लिहायचं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो सगळा महिना मला फेकून द्यावा लागला.

म्हणून तुमच्या वहीत तीन रकाने करा: मोगरा, चाफा, आणि ‘कोड नाही’. चिठ्ठी विसरलेल्याला सवलत नाकारू नका, चारशेच घ्या, पण रेघ तिसऱ्या रकान्यात. काउंटरवर जो कोणी असेल त्याने विचारायचं ते एकच: “पत्रकावर फूल कुठलं आहे?” “मोगरा का?” असं विचारलं की समोरचा हो म्हणून मोकळा होतो. चिठ्ठी आली तर मागे तारीख, सोसायटीचं नाव आणि फोनचे शेवटचे चार आकडे लिहून बरणीत टाका. बरणी एकच ठेवा, दोन नकोत. दोन पारदर्शक बरण्या शेजारी ठेवल्या की रोज कोण पुढे हे दिसत राहतं आणि मन एका बाजूला झुकतं. फोनवरून आलेल्या ऑर्डरलाही एक कोरा चिटोरा घेऊन हेच लिहा आणि बरणीत टाका. तिसरा रकाना शेवटी पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा निघाला, तर समजा की मोजणीच नीट झाली नाही, आणि त्या आकड्यांवर दहा हजारांचा निर्णय घेऊ नका.

सोसायटीचं नाव लिहायला सांगतोय त्याला कारण आहे. कोणीतरी पत्रकाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतं, आणि दोन दिवसांत एकाच इमारतीतून बारा माणसं ‘चाफा’ म्हणत येतात. बारा माणसांनी ‘वाचवा’ वाचून निर्णय घेतला असं ते नव्हे. एका शेजारणीने शिफारस केली आणि तिच्या हातात योगायोगाने चाफ्याचं पत्रक होतं. धंदा म्हणून ते बारा तुम्हाला हवेतच, पण मोजताना अशी झुंबड एकच धरा. वही चाळताना ती ओळखू येते: एक सोसायटी, एकच फूल, लागोपाठच्या तारखा.

फोनचे आकडे जुनी गिऱ्हाइकं ओळखण्यासाठी. तुमच्या ३१ मध्ये रोज संध्याकाळी चार पोळ्या नेणारे किती होते, ते जरा जुन्या वहीशी ताडून बघा. दुकानाच्या आसपास पत्रकं टाकली की त्यातली बरीच आपल्याच माणसांच्या घरात पडतात. त्यांना पत्रकाने आणलेलं नसतं, ती येणारच होती, फक्त आता ८० रुपये कमी देऊन. मजकुराची तुलना नव्या नावांवरच करा.

आता तुमचा मूळ प्रश्न, ३१ आणि १९. समजा दोन्ही मजकूर अगदी सारखेच गुणाचे आहेत आणि आलेला प्रत्येक माणूस म्हणजे नाण्याची एक फेक. पन्नास फेकींत दर वेळी नेमके पंचवीस-पंचवीस येत नाहीत. ३१-१९ इतका किंवा याहून मोठा फरक, या बाजूने किंवा त्या बाजूने, निव्वळ योगायोगाने साधारण आठ वेळांत एकदा पडतो. आठात एक म्हणजे काही दुर्मीळ नव्हे. पत्रकं नीट मिसळलेली असती तरीही मी या आकड्यांवर थांबा असंच म्हटलं असतं.

घरी करता येईल असा एक ठोकताळा देतो. दोन्ही कोडांच्या नव्या गिऱ्हाइकांची बेरीज करा, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तिचं वर्गमूळ काढा आणि त्याची दुप्पट करा. दोन कोडांमधला फरक त्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर शब्दांत काहीतरी आहे असं धरायला हरकत नाही. पन्नासचं वर्गमूळ सातच्या जरा वर, दुप्पट चौदा. तुमचा फरक बारा. पुरला नाही. हेच प्रमाण शंभर माणसांत दिसलं असतं, म्हणजे ६२ आणि ३८, तर फरक चोवीस झाला असता आणि शंभरच्या वर्गमुळाची दुप्पट वीस. तेव्हा मी हो म्हटलं असतं. हा ठोकताळा दोन्ही पत्रकं सारख्याच संख्येने वाटली असतील तरच चालतो, म्हणून गठ्ठे मोजून सारखे ठेवा.

गेल्या वेळी चार हजारांत पन्नास आले, म्हणजे ऐंशी पत्रकांमागे एक. तोच हिशेब दहा हजारांना लावला तर सव्वाशेच्या आसपास येतील. यांतली जुनी गिऱ्हाइकं आणि ग्रुपवरची झुंबड वगळली तर आकडा खाली येईल, पण समजण्यासाठी सव्वाशेच धरू. वर्गमूळ अकराच्या थोडं वर, दुप्पट साधारण बावीस. म्हणजे ७४ मोगरा आणि ५१ चाफा असे आले तर फरक तेवीस, जेमतेम पुढे. ७० आणि ५५ आले तर फरक पंधरा, आणि तेव्हा तुमचे हे कितीही म्हणाले तरी निकाल नाही. त्याचा अर्थ एवढाच की दोन शब्दांत फार मोठा फरक नाही, असला तरी दहा हजार पत्रकांना न दिसण्याइतका लहान आहे. मग कुठलाही एक ठेवा आणि पुढच्या वेळी शब्दांऐवजी योजनाच बदलून बघा: सहा डब्यांच्या कार्डाशेजारी, आधी पैसे न भरता पहिला एक डबा ५० रुपयांत. त्या बदलाने आकडे जास्त हलतील असा माझा अंदाज आहे, कारण तुमच्या पहिल्या फेरीत बहुधा तेच दिसलंय.

बरणी कधी उघडायची ते छापण्याआधी ठरवा. पत्रकावर कार्ड घ्यायची शेवटची तारीख असू दे, पत्रकं टाकल्यापासून एकविसावा दिवस, आणि त्या रात्रीच मोजा. रोज मोजत राहिलात तर मधल्या कुठल्या तरी दिवशी एक फूल खूप पुढे दिसेलच, आणि त्या दिवशी थांबायचा मोह होईल. पहिल्या चार-पाच दिवसांत हा खेळ फार होतो, कारण तेव्हा आकडे लहान असतात आणि दोन माणसं इकडची तिकडे झाली तरी चित्र उलटतं.

दिवाळीच्या तोंडावर मात्र हे करू नका. खोल्यांवर राहणारी मुलं गावी जातात आणि घरोघरी फराळ असतो. दोन्ही मजकुरांना फटका सारखाच बसेल हे खरं, पण माणसंच कमी येतील, आणि चाळीस-पन्नासांवर निकाल लागत नाही हे आत्ताच पाहिलं. मुलं परत आल्यावर, नोव्हेंबरअखेर एखाद्या रविवारी टाका.

शेवटची एक गोष्ट, आणि ही मी मुद्दाम मागे ठेवली. कार्ड देताना त्याच्या मागे छोटं ‘मो’ किंवा ‘चा’ लिहा. महिन्याभराने कार्ड संपल्यावर जो माणूस सवलत नसताना ४८० रुपये भरून दुसरं कार्ड घेतो, तो तुमचा. समजा मोगऱ्याच्या ७४ मधल्या पंधरांनी दुसरं कार्ड घेतलं आणि चाफ्याच्या ५१ मधल्या अठरांनी. पंधरा आणि अठरा यांतला तीनाचा फरक काहीच सांगत नाही. पण जास्त माणसं आणणाऱ्या मजकुराने टिकणारी माणसं जास्त आणली नाहीत, हे त्यातून दिसतं. फुकटच्या सहाव्या डब्यासाठी आलेला सातव्याला थांबेलच असं नाही. तेव्हा बरणी मोजल्यावर लगेच पुढची दहा हजार छापायला देऊ नका. कार्डांची ३० दिवसांची मुदत संपू द्या, ‘मो’ आणि ‘चा’ किती परत आले ते वहीच्या चौथ्या रकान्यात लिहा, आणि ते आकडे मला कळवा.